बाळाच्या लसी, भिजलेलं कार्ड आणि मामंजींचा ओटीपी

लिहू लिहू म्हणता सहा-सात महिने गेले. परवा ४ एप्रिलला छकुलीची नऊ महिन्यांची लस झाली आणि आता एकदम नोव्हेंबरची तारीख पडलीय, त्यात आज साईटला सुट्टी आणि ती झोपलीय, म्हणून बसले टाईप करायला. आम्ही दोघं बिल्डिंगच्या साईटवर काम करणारी माणसं, हे सेंट्रिंगवर आहेत, मी बाळंतपणाच्या आधी बिगारी हजेरीवर जायचे. गावाचं, शहराचं, दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, कुणावर आळ घ्यायचा नाहीये. पण आमच्यासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तारखांसकट सगळं लिहिते.

छकुली ३ जुलै २०२४ ला झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे दोन थेंब आणि काविळीची सुई असं तिथेच झालं, ती काविळीची २४ तासांच्या आत द्यायची असते म्हणून नर्सबाई रात्रीच येऊन टोचून गेल्या. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड दिलं, गर्भारपणापासून तेच चालू होतं, त्यातच पुढे बाळाच्या लसींचं पान. नाव-नंबर लिहून घेताना माझा फोन बंद पडलेला होता म्हणून मी मामंजींचा नंबर दिला. या एका गोष्टीने पुढे काय काय केलं ते सांगतेच.

दीड महिन्याची लस १४ ऑगस्टला गावातच झाली. अंगणवाडीत महिन्यातून एकदा नर्सबाई यायच्या, तो दिवस नेमका छकुलीला सहा आठवडे पुरे झाले तोच निघाला. दोन मांड्यांना दोन, दंडाला एक अशा तीन सुया आणि वर तोंडातून थेंब. नर्सबाईंनी कार्डावर निळ्या जेल पेनने सगळं लिहिलं आणि खाली पुढची तारीख टाकली, ११ सप्टेंबर. मी घरी येऊन फोनमध्ये गजर लावला आणि वाटलं, झालं आपलं काम.

ऑगस्ट संपता संपता मुकादमाचा फोन आला, मोठी साईट निघालीय, जोडीने या, राहायला खोली देतो, उचल पण मिळेल. बाळ दोन महिन्यांचं, आत्याबाई म्हणाल्या एवढ्यात नको नेऊ, पण ह्यांनी एकट्याने जाऊन भागत नव्हतं. १ सप्टेंबरला रविवारी टेम्पोत सामान टाकून निघालो. पाऊस लागला. ताडपत्री होती पण ती एका कोपऱ्याला फाटलेली, आणि नेमकी त्या कोपऱ्यात कपड्यांची पिशवी, त्या पिशवीत कार्ड. मी कार्ड जपून ठेवायचं म्हणून दुपट्यांच्या मधोमध ठेवलं होतं, आणि दुपटी पाणी धरून ठेवतात हे काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर कार्ड लापशीसारखं झालेलं. छापलेली अक्षरं जशीच्या तशी होती, पण जेल पेनचं सगळं पसरलेलं, पान उघडताना एका बाजूची निळी शाई दुसऱ्या बाजूला उमटली. बीसीजीच्या रकान्यात ३ वाचता येत होता. त्याच्याखाली दीड महिन्याच्या ओळीत नुसता निळा ढग. पत्र्याच्या खोलीत दोरी बांधून मी ते चिमट्याने वाळत घातलं, ह्यांच्या बनियनशेजारी. रडूच आलं खरं तर. त्याचा फोटो काढून ठेवलेला नव्हता, एवढी साधी गोष्ट.

११ सप्टेंबरला बुधवारी मी आणि हे, दोघंही खाडा करून शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. का तिथे? कारण रिक्षावाल्याला तेवढंच माहीत होतं. सकाळी नऊला केस पेपरच्या रांगेत लागलो, मग त्या खिडकीवरून या खिडकीवर, साडेबाराला बाळांच्या लसीच्या खोलीपाशी पोचलो तर तिथल्या बाईंनी वरच न बघता विचारलं कुठे राहता, मग म्हणाल्या तुमचा एरिया आमच्याकडे येत नाही, आधारवर पत्ता गावचा आहे, कार्ड पण वाचता येत नाही, पहिल्या ठिकाणीच जा. पहिलं ठिकाण म्हणजे रात्रभराचा प्रवास. हे तिथे आवाज चढवायला लागले, मी ओढून बाहेर आणलं. दोघांचा खाडा गेला, रिक्षाचे गेले, लस नाहीच. (नंतर कळलं की सरकारी लसीला त्या शहरातला पत्ता असायलाच पाहिजे असं काही नसतं. बाळ समोर आहे ना, मग लस द्यायची. पण त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की माणूस मान खाली घालून परत येतो.)

दुसऱ्या दिवशी साईटच्या समोरच्या खाजगी डॉक्टरांना विचारलं. माणूस चांगला होता. त्याने जो आकडा सांगितला तो आमच्या दोघांच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीएवढा होता, एका खेपेचा, पण वर स्वतःच म्हणाला की याच आजारांच्या लसी सरकारीत फुकट आहेत, तुमच्या भागातलं छोटं केंद्र शोधा, मोठ्या दवाखान्यात नका जाऊ. हे वाक्य मला तिथेच लिहून ठेवावंसं वाटलं.

आता छोटं केंद्र शोधायचं कसं? वॉचमनला माहीत नाही, मुकादमाला माहीत नाही, सुपरवायझर म्हणाला गूगलवर बघा. शेवटी शेजारच्या खोलीतल्या भाभीकडून पत्ता लागला. ती उत्तरेकडची, तिला चार वर्षांचा मुलगा. ती मला दोन दिवस विचारत होती, टीका लगवाया क्या, टीका लगवाया क्या, आणि मला वाटायचं ही कसली टीका करतेय! मग दंडावर बोट टोचून दाखवलं तेव्हा कळलं की लसीला ते टीका म्हणतात. तिने सांगितलं की आशाताई या लाईनीत येतात, गुलाबी साडीतल्या, नवीन बिऱ्हाडं लिहून नेतात.

आशाताई १६ तारखेला सोमवारी आल्या. मी भांडी तशीच टाकून धावले. त्यांनी वहीत छकुलीचं नाव, जन्मतारीख, माझा नंबर लिहिला, भिजलेल्या कार्डाकडे बघून तोंड वाकडं केलं पण नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या गुरुवारी नागरी आरोग्य केंद्रात लसीकरण असतं, चालत वीस मिनिटं, दहाच्या आत या, नवऱ्याचा खाडा करू नका, मी असते तिथे. आणि गावच्या नर्सबाईंचा नंबर असेल तर घेऊन या. एवढंच. अकरा तारखेला दोघांचा दिवस घालवून जे मिळालं नाही ते दारात उभं राहून पाच मिनिटांत मिळालं.

मधले तीन दिवस मात्र जिवाला घोर. छकुलीची तारीख टळून आठवडा होत आलेला. लाईनीतली एक बाई म्हणाली तारीख चुकली की सगळ्या लसी पहिल्यापासून घ्याव्या लागतात, दुसरी म्हणाली उशिरा दिली तर लागूच पडत नाही. ह्यांनी तर पक्कं धरलं की आता परत तीन सुया. मी रात्री बाळाच्या मांड्या चाचपून बघायची, उगाचच.

१९ सप्टेंबर, गुरुवार. साडेनऊला पोचले, माझ्या पुढे सातजणी. सिस्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी वाळलेलं कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, पाठीमागून बघितलं. मला वाटलं आता परत पाठवणार. तर त्यांनी विचारलं, सुया कुठे कुठे टोचल्या होत्या आठवतंय का?

मला आठवत होतं, आईला ते आठवतंच. डाव्या मांडीला, उजव्या मांडीला आणि उजव्या दंडाला, दंडाची अगदी बारीक होती, कातडीला फुगा आल्यासारखं झालं होतं. सिस्टर म्हणाल्या मग बरोबर आहे, डावी मांडी म्हणजे पाच आजारांवरची पेंटा, उजवी मांडी म्हणजे न्यूमोनियाची पीसीव्ही, आणि उजव्या दंडावर कातडीत दिली ती पोलिओची सुई. तोंडातून दोन वेगवेगळं दिलं का? म्हटलं हो, एक दोन थेंब आणि एक जास्त होतं. तो रोटा, जुलाबाचा. मग छकुलीचा डावा दंड उघडून बघितला, तिथे बीसीजीची बारीक खपली धरलेली होती. मला इतकं भारी वाटलं ना! कार्डावरचं गेलं तरी पोरीच्या अंगावर सगळं लिहिलेलं होतं, वाचणारी भेटायला पाहिजे. (खपली आली नाही, व्रण उठला नाही तरी घाबरू नका, काही बाळांना येत नाही आणि तेवढ्यासाठी परत टोचत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.)

तरी त्या म्हणाल्या, माझी तोंडी खात्री झाली, पण नव्या कार्डावर मागच्या तारखा चढवायला काहीतरी लेखी मिळालं तर बरं. यू-विनवर बघू. यू-विन म्हणजे लसींची ऑनलाईन नोंद. माझा नंबर टाकला तर काहीच नाही. मग मला आठवलं, नंबर मामंजींचा दिलाय. सिस्टर म्हणाल्या मग तुमच्या फोनवर तो नंबर टाकून उघडा, त्यांच्याकडे ओटीपी जाईल, तो विचारून घ्या.

इथून पुढे पाऊण तास जे झालं ते आता हसून सांगते, तेव्हा घाम फुटला होता. मामंजी शेतात. पहिल्या दोन वेळेला फोन लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तर मेसेज कसा उघडायचा ते माहीत नाही, बांधावरच्या पोराला बोलावलं, त्या पोराने सगळ्यात वरचा म्हणून जो आकडा वाचला तो गॅसच्या बुकिंगचा होता. तो टाकला, चुकला. परत पाठवला. या वेळेला खरा आला असावा, कारण पोरगं वाचायला लागलं आणि मधेच मामंजींनी फोन काढून घेतला. म्हणाले, हे बघ पोरी, तू सून असलीस तरी ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, बँकेत साहेबांनी बजावून सांगितलंय. मी म्हटलं मामंजी अहो छकुलीच्या लसीसाठी पाहिजे. ते म्हणाले लसीला कशाला ओटीपी लागतो, तू खरंच बोलतेस का कुणी तुझ्या आवाजात बोलतंय? खोलीतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. तोवर त्या ओटीपीची वेळ संपली. शेवटी ह्यांना साईटवर फोन लावला, ह्यांनी बापाला फोन लावला, तिकडून परवानगी आली आणि चौथा ओटीपी लागला.

आणि उघडल्यावर काय, तर नुसत्या जन्माच्या वेळच्या नोंदी. १४ ऑगस्टची चढवलेलीच नव्हती. सिस्टर म्हणाल्या होतं असं, कधी नेट नसतं, कधी मागून भरतात.

मग शेवटचा उपाय, गावच्या नर्सबाईंना फोन. त्यांचा नंबर माझ्याकडे होता तो निव्वळ नशिबाने, गरोदरपणात एकदा गोळ्यांसाठी त्यांनी फोन केला होता. दोन्ही सिस्टर आपसात दोन मिनिटं बोलल्या. त्यांच्याकडे लसीकरणाचं रजिस्टर असतं आणि कार्डाचा फाडून ठेवलेला भागही असतो, त्याचा फोटो त्यांनी व्हॉट्सअपवर टाकला. सगळ्या तारखा, स्वच्छ अक्षरात. कागदावर असलेलं कागदानेच वाचवलं म्हणायचं. पाऊण तास आम्ही मामंजींच्या मागे लागलो होतो, आणि पाच मिनिटांत हा फोन आधी केला असता तर?

नवं कार्ड झालं, जुन्या तारखा त्यावर चढल्या. सिस्टरनी बॉलपेनने लिहिलं, मी मुद्दाम बघितलं. पहिल्यापासून काही घ्यावं लागलं नाही. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. उशीर झाला म्हणजे आधी घेतलेली लस वाया जात नाही, शरीराला ती आठवत असते, जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. उशिराचा तोटा एवढाच की मधल्या दिवसांत बाळाला राखण कमी, म्हणून उशीर करायचा नाही, पण झाला म्हणून घरी बसून राहायचं नाही. आणि दहा आठवड्यांच्या खेपेला सुई एकच असते, पेंटाची दुसरी. बाकी पोलिओचे थेंब आणि रोटा. हे तीन सुयांच्या धास्तीने आदल्या रात्री झोपले नव्हते, त्यांना मी तिथूनच फोन केला, एकच आहे म्हणून.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, घाईघाईने निघू नका, काही त्रास झालाच तर तिथे औषध असतं. त्या अर्ध्या तासात सिस्टरनी चार गोष्टी सांगितल्या, आज काय दिलं, ताप आला तर काय करायचं, पुढचं कधी, आणि कार्ड सांभाळा. चौथी सांगताना त्या हसल्या. मीही.

रात्री ताप आला. पत्र्याची खोली, दिवसभराची धग भिंतीतून येतच असते, त्यामुळे बाळ ताप आल्यामुळे गरम आहे का खोलीमुळे हेच कळेना. भाभीने थर्मामीटर दिला, शंभरच्या थोडं वर. सिस्टरनी छकुलीचं वजन करून तेवढ्या मापाने तापाचे थेंब किती ते बाटलीवर लिहून दिलं होतं, तसे दिले, कपडे सैल केले, सारखं अंगावर पाजलं. मांडीला गाठ आली होती ती चोळली नाही, काही लावलंही नाही, तसंच सांगितलं होतं. सकाळी ताप उतरला. गाठ आठ-दहा दिवस होती, मग विरली. फार ताप चढला, बाळ थांबतच नाही इतकं रडलं किंवा अगदी मलूल पडलं तर लगेच दाखवा असं सांगितलं होतं, तसं काही झालं नाही.

आता तारखेचा घोळ. माझ्या फोनमध्ये चौदा आठवड्यांचा गजर होता ९ ऑक्टोबरचा, जन्मापासून मोजलेला. सिस्टरनी कार्डावर लिहिली १७ ऑक्टोबर. हे म्हणाले आधीच उशीर झालाय, मग नऊलाच जाऊन भरून काढू. मी पण तसंच विचारलं. तर उत्तर आलं की नाही, मागची लस ज्या दिवशी प्रत्यक्ष टोचली तिथून पूर्ण चार आठवडे, म्हणजे २८ दिवस गेलेच पाहिजेत. १९ सप्टेंबरपासून नऊ ऑक्टोबर म्हणजे वीसच दिवस. लवकर दिलेली लस धरत नाहीत, परत द्यावी लागते. उशीर चालतो पण घाई चालत नाही. ही गोष्ट आमच्या लाईनीत कुणालाच माहीत नव्हती, मी नंतर तिघी-चौघींना बोटांवर मोजून दाखवली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. १३ ऑक्टोबरला मुकादमाने आमची टोळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या साईटवर हलवली. या वेळेला मी शहाणी झाले होते. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो माझ्या फोनमध्ये, ह्यांच्या फोनमध्ये आणि घरच्या ग्रुपवर, कार्ड प्लास्टिकच्या चेनच्या पाकिटात, आणि पाकीट माझ्या अंगावर, टेम्पोत नाही. निघायच्या आधीच जुन्या आशाताईंना फोन केला, त्यांनी विचारपूस करून तिकडच्या केंद्राचं नाव दिलं. तिथे लसीचा वार शुक्रवार. १८ ऑक्टोबर, म्हणजे २९ दिवस, बसतं. नव्या सिस्टरनी कार्ड बघितलं, एकही प्रश्न विचारला नाही, पेंटाची तिसरी, पीसीव्हीची दुसरी, पोलिओची दुसरी सुई, तोंडातून थेंब आणि रोटा. तासाभरात घरी. तीन सुयांना छकुली इतकी रडली की हे पुढचा आठवडाभर मलाच रागाने बघत होते, जसं काही मीच टोचलं.

मग पाच महिने काही नाही. या मधल्या काळातच माणसं कार्ड हरवतात असं मला वाटतं. मी थंडीत एकदा पाकीट उघडून उगीच बघून घेतलं.

नऊ महिने ३ एप्रिलला पुरे झाले, शुक्रवार ४ तारखेला गेले. गोवर-रुबेलाची पहिली. इथे एक वेगळीच अडचण आली. सकाळी साडेदहाला नऊ महिन्यांचं बाळ माझं एकटीचंच. त्या दिवशीच्या बाई म्हणाल्या पुढच्या शुक्रवारी या, अजून दोघी-तिघी आल्या की बाटली उघडू, एकीसाठी उघडली तर बाकीचे डोस फुकट जातात. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, ही लस पावडरमध्ये पाणी मिसळून तयार करतात आणि एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, उरली की फेकायची. पेंटाची बाटली मात्र उघडली तरी नीट थंड ठेवली तर पुढच्या खेपेला चालते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. पण पुढच्या शुक्रवारी आम्ही कुठे असू हे मला माहीत नव्हतं. मी भांडले नाही. खुर्ची धरून बसले, म्हटलं थांबते, कुणी आलं तर बघू. बाराच्या सुमारास मोठ्या डॉक्टरबाई राऊंडला आल्या, विचारलं ही का बसलीय, ऐकल्यावर एवढंच म्हणाल्या, एका बाळासाठीसुद्धा उघडायची असते, बाळ परत नाही पाठवायचं.

सिस्टरनी पावडरची बाटली काढली, त्यासोबतचं पाणी सुईने ओढून आत सोडलं, आणि लगेच बाटलीच्या लेबलवर पेनने वेळ लिहिली, १२.१०. मी मान लांब करून वाचली. तुम्ही पण वाचा, विचारलं तर सांगतात, राग मानत नाहीत. गंमत म्हणजे छकुलीचं होईतो अजून दोघी बायका आल्याच, त्यातल्या एकीचं बाळ अकरा महिन्यांचं, तीही गेल्या शुक्रवारी परत गेलेली.

त्या दिवशी गोवर-रुबेला उजव्या दंडाला, पोलिओची तिसरी सुई डाव्या दंडाला, पीसीव्हीची शेवटची मांडीला, आणि अ जीवनसत्त्वाचं औषध चमच्याने. बाळाला पुढून उघडणारं सैल झबलं घाला, दोन्ही दंड लागतात, मी गळ्यातून काढायचं घातलं होतं आणि त्या ओढाओढीतच ती अर्धी रडून झाली. अर्धा तास बसले असताना कार्ड बघत होते तर जेईचा रकाना कोरा. परत पोटात गोळा. विचारलं तर सिस्टर म्हणाल्या ती मेंदूज्वराची लस, ती ठरावीक जिल्ह्यांतच देतात, आपल्याकडे नाही, म्हणून कोरा. तुम्ही हललात आणि तिथे देत असतील तर तिथल्या सिस्टरला हा रकाना दाखवा.

पुढची तारीख १६ महिने पुरे झाल्यावर, ३ नोव्हेंबरच्या पुढे. गोवर-रुबेलाची दुसरी, डीपीटीचा बूस्टर, पोलिओचे थेंब. तेव्हा कोणत्या साईटवर असू देव जाणे, मुकादम आताच दुसरं काहीतरी बोलायला लागलाय. दोन्ही केंद्रांच्या आशाताईंचे आणि गावच्या नर्सबाईंचे नंबर मी कार्डाच्या पाकिटात चिठ्ठीवर पण लिहून ठेवलेत, फोन पाण्यात पडला तर म्हणून. बॉलपेनने.

मामंजींचा मात्र अजून रोज फोन येतो. कसलाही ओटीपी आला, गॅसचा असो, रिचार्जचा असो, की लगेच फोन. पोरी, आलाय बघ एक आकडा, छकुलीचा आहे का? सांगू का?